पहाटे साडेतीन ते पाच : अँप्यूल तपासणीच्या नाइट शिफ्टमधले माझे सात आठवडे

मी फोंड्याला राहतो आणि कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत इंजेक्शनची औषधं बनवणाऱ्या एका कारखान्यात काम करतो. कंपनीचं नाव लिहीत नाही. अकरा वर्षं पॅकिंगला होतो, जनरल आणि सेकंड शिफ्टमध्ये. २ जून २०२५ला ऑफिसात बोलावून सांगितलं की व्हिज्युअल इन्स्पेक्शनला माणसं कमी आहेत, पुढच्या सोमवारपासून तू तिकडे, आणि तिकडे नाइट आहे. रात्री दहा ते सकाळी सहा.

हे काम बाहेरून फार सोपं वाटतं, म्हणून आधी ते नीट सांगतो. अँप्यूल म्हणजे इंजेक्शनच्या औषधाची काचेची छोटी कुपी. भरून सील केलेली प्रत्येक अँप्यूल माणसाने डोळ्यांनी बघायची, आत कण, काच किंवा धागा तर नाही ना, तडा तर गेला नाही ना. समोर एक बूथ असतो, त्याचा अर्धा मागचा पडदा पांढरा, अर्धा काळा, वर दिवा. अँप्यूलवर पडणारा उजेड २००० ते ३७५० लक्समध्ये असावा लागतो आणि शिफ्ट सुरू होताना तो मीटरने मोजून लॉगबुकात लिहायचा. आम्ही दोन अँप्यूल एकदम मानेजवळ धरतो, हलकेच फिरवून उलट्या करतो, पांढऱ्यासमोर पाच सेकंद, काळ्यासमोर पाच सेकंद बघतो. काळा कण पांढऱ्यावर दिसतो. काच आणि पांढरा धागा काळ्यावर. बुडबुडे वर जातात, काच झटकन खाली बसते आणि बसताना एकदाच चमकते, धागा मात्र तरंगत, वळत राहतो. जोरात हलवलं तर बुडबुड्यांचा फेस होतो आणि काहीच कळत नाही. धरणं, फिरवणं, ठेवणं यात आणखी पाचेक सेकंद जातात. म्हणजे एका जोडीला पंधरा सेकंद, मिनिटाला आठ अँप्यूल, तासाला ४८०. विश्रांती वजा केली तर रात्रीत २,८०० ते ३,००० होतात. त्यातल्या बहुतेक सगळ्या चांगल्या असतात, आणि अडचण नेमकी तिथेच आहे.

बसायच्या आधी डोळ्यांची तपासणी होते, जवळचं दिसणं आणि रंगांधळेपणा. माझं वय ४१. रंगांचं ठीक निघालं, जवळचं नाही. फोंडा बाजारात ३०० रुपये देऊन डोळे तपासून घेतले आणि १,८५० रुपयांचा चष्मा केला, तो मिळायला चार दिवस गेले. इथे एक सांगायला हवं. चष्मा लागला तर पात्रता परीक्षाही तोच चष्मा लावून द्यायची असते आणि तसं फॉर्मवर लिहावं लागतं. परीक्षेनंतर नंबर बदलला तर लपवू नका, परत तपासणी होते आणि तेवढंच.

९ जूनची पहिली रात्र. मी नेहमीसारखा सकाळी साडेसहाला उठलो होतो, दिवसभर घरची कामं केली आणि तसाच कामावर गेलो. बारा वाजेपर्यंत काहीच वाटलं नाही. एक वाजता कॅन्टीनमध्ये भात, हुमण, सुकं असं पोटभर जेवलो. तीन वाजता हातपाय गार पडले. तपासणीच्या खोलीत एसी तर असतोच, शिवाय पडद्यावरचं नीट दिसावं म्हणून बूथच्या बाहेर उजेड मंद ठेवतात. त्या मंद उजेडात, गारठ्यात, एकच हालचाल करत बसायचं. साडेतीनच्या पुढे कधीतरी लक्षात आलं की हातातली जोडी आपण काळ्यासमोर धरली होती की नाही तेच आठवत नाही. परत बघितली. असं त्या रात्री सहा-सात वेळा झालं. डोळे मात्र एकदाही मिटले नव्हते. मला झोपेची भीती होती, पण खरा धोका झोपेचा नाही हे पुढे कळलं.

पहिले दोन आठवडे माझं बघितलेलं सगळं दुसरा माणूस पुन्हा बघायचा, कारण पात्रता परीक्षा पास होईपर्यंत तुमची सही चालत नाही. ही परीक्षा म्हणजे एक किट असतं. आमच्या किटमध्ये २५० अँप्यूल, त्यातल्या ३० दोष असलेल्या. सहा गंभीर, म्हणजे काच किंवा तडा. चौदा मोठे दोष, म्हणजे धागा, काळा कण असे. दहा किरकोळ. गंभीर सगळे सापडले पाहिजेत, मोठ्यांपैकी किमान १३, किरकोळपैकी किमान ८. आणि चांगल्या २२० पैकी ११पेक्षा जास्त उगाच बाद करायच्या नाहीत, नाहीतर कोणीही सगळंच बाद करून पास होईल. हे तीन वेळा करायचं आणि तिसरी फेरी माणूस थकलेला असताना. युरोपच्या नियमांतही हेच आहे, की परीक्षा थकव्यासकट, प्रत्यक्षातल्या वाईटात वाईट स्थितीत घ्यावी आणि किमान वर्षातून एकदा पुन्हा घ्यावी. आमच्याकडे तिसरी फेरी पहाटे चारची.

२५ जूनच्या रात्री माझी परीक्षा झाली. साडेदहाच्या फेरीत ३० पैकी २९ सापडल्या. सव्वा एकला २८. चारच्या फेरीत २३. सात राहिल्या, त्यात एक काच होती. नापास.

मला खूप लागलं. ते औषध शिरेत जातं. काच असलेली अँप्यूल माझ्या हातातून चांगल्यांच्या ट्रेमध्ये गेली होती, आणि ती मी बघितली होती. न बघता ठेवली असती तर निदान कारण तरी कळलं असतं.

आमचे सीनियर दोडामार्गचे, सगळे त्यांना काका म्हणतात, वीस वर्षं याच खोलीत आहेत. सकाळी बसमध्ये शेजारी बसले आणि म्हणाले, "डोळे उघडे आसले म्हणजे माणूस बघता असा नाय रे. उद्या तुझो कागद बघूया."

दुसऱ्या रात्री त्यांनी परीक्षेचा कागद काढला. कुठल्या अँप्यूल राहिल्या ते परीक्षार्थीला सांगत नाहीत, नाहीतर किट पाठ होतं. पण ५०चा ट्रे सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ कागदावर असते आणि ट्रेप्रमाणे निकाल असतो, तेवढं त्यांनी दाखवलं. हा कागद मी इथे पूर्ण मांडतो, कारण माझं सगळं पुढचं काम त्यावर उभं राहिलं.

५० अँप्यूल म्हणजे २५ जोड्या. पंधरा सेकंदांप्रमाणे एका ट्रेला सव्वा सहा मिनिटं लागायला हवीत. चारच्या फेरीत माझा पहिला ट्रे सहा मिनिटांचा होता, दुसरा साडेपाच, तिसरा पाच, चौथा चार आणि पाचवा साडेतीन. राहिलेल्या अँप्यूल पहिल्या दोन ट्रेमध्ये शून्य, तिसऱ्यात एक, चौथ्यात दोन, पाचव्यात चार. काकांनी पाचव्या ट्रेचा हिशोब कागदाच्या मागे केला. साडेतीन मिनिटं म्हणजे २१० सेकंद, भागिले २५, एका जोडीला साडेआठ सेकंदही नाहीत. त्यातले धरण्या-ठेवण्याचे पाच गेले. उरले साडेतीन, दोन पडद्यांत वाटलेले. म्हणजे प्रत्येक पडद्यासमोर मी दोन सेकंदही थांबत नव्हतो. काच खाली बसायच्या आत जोडी ट्रेमध्ये.

मी घाई केली नव्हती हे मी शपथेवर सांगू शकतो. मनात मी दर वेळी एक ते पाच मोजत होतो. माझं मोजणंच पळत होतं. उलट मला त्या वेळी वाटत होतं की आपण फार हळू चाललोय, फेरी संपतच नाही.

आणखी एक गोष्ट काकांनी दाखवली. त्या फेरीत चांगल्या अँप्यूल मी फक्त दोनच बाद केल्या होत्या. आधीच्या दोन फेऱ्यांत सहा आणि सात. चुकीचं बाद करणं कमी झालं म्हणजे नजर सुधारली असं कोणालाही वाटेल. पण खरे दोषही सुटत असतील तर त्याचा अर्थ असा की हात 'चांगली' म्हणायला सोकावला आहे. शंका येणंच थांबलं आहे. तेव्हापासून माझ्या रिजेक्शनच्या ट्रेमध्ये बराच वेळ काहीच पडलं नाही तर मला बरं वाटत नाही.

पुन्हा प्रशिक्षणाचा फॉर्म भरला, क्यूए म्हणजे गुणवत्ता विभाग, त्यांच्या सहीला आठ दिवस गेले, आणि पुढची तारीख मिळाली २४ जुलै. तोपर्यंत तपासणी फक्त काकांच्या शेजारी बसून.

पहिली गोष्ट घड्याळाची. मोबाइल आणि हातातलं घड्याळ आत नेता येत नाही. भिंतीवरचं घड्याळ आमच्या पाठीमागे होतं. ते समोर लावून द्या म्हणून मागणी केली, तर त्यालाही अर्ज, इंजिनिअरिंगची सही, आणि घड्याळावर कॅलिब्रेशनचं स्टिकर आहे म्हणून ते काढून-लावून पुन्हा पडताळणी. नऊ दिवस लागले. पण त्या घड्याळाने सगळ्यांत जास्त काम केलं. प्रत्येक ट्रे संपला की वेळ बघायची आणि लॉगबुकात लिहायची. साडेपाच मिनिटांच्या खाली आला तर तो ट्रे पुन्हा. मोजणीही बदलली. 'एक, दोन, तीन' पळतं, म्हणून 'एकशे एक, एकशे दोन' असं मनात पूर्ण शब्दांत म्हणायला लागलो. ओठ किंचित हलले तर अजून चांगलं, मास्कच्या आत कोणाला दिसत नाही.

याच्या उलट टोकालाही एक चूक आहे आणि ती मी केली. पहिल्या आठवड्यात भीतीने प्रत्येक पडद्यासमोर दहा-दहा सेकंद बघायला लागलो. त्याने काही जास्त सापडलं नाही. काच खाली बसून गेल्यावर पुढचे पाच सेकंद तुम्ही स्थिर पाण्याकडे बघत असता, आणि पहाटे चारला स्थिर गोष्टीकडे बघितलं की डोळा विझतो. संशय आला तर जास्त वेळ बघत बसू नका. पुन्हा फिरवा आणि पुन्हा पाच सेकंद बघा.

दुसरी गोष्ट बसण्याच्या वेळेची. आमच्याकडे तासाला दहा मिनिटं विश्रांती होती, जी नियमाने पुरेशी आहे. पण माझ्या कागदावर बहुतेक चुका सोळाव्या मिनिटानंतर गोळा झालेल्या होत्या. क्यूएच्या मॅडमनी प्रशिक्षणात सांगितलं की हे जुनं निरीक्षण आहे. नॉर्मन मॅकवर्थ यांनी १९४८मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माणसांना दोन तास एका फिरणाऱ्या काट्याकडे बघायला लावलं होतं, क्वचित कधी तो दुप्पट उडी मारायचा, ती टिपायची. पहिल्या अर्ध्या तासातच टिपणं घसरलं. तेही रात्रीच्या थकव्याशिवाय. मी विचारलं की तीननंतर आम्हाला अर्धा-अर्धा तास बसवता येईल का. सुपरवायझरने पाळी लावून दिली : तीस मिनिटं बूथ, मग पंधरा मिनिटं ट्रे लावणं, मोजणी, नोंदी. एकूण आकडा रात्रीला दोन-अडीचशेने कमी झाला. त्यावर दोन बैठका झाल्या. शेवटी क्यूए नमुना तपासणीत परत येणारे बॅच कमी होतील या बोलीवर एक महिना मंजुरी मिळाली. तुमच्याकडे मागणार असाल तर ट्रेच्या वेळा लिहिलेला कागद घेऊन जा. 'झोप येते' म्हणून काही मिळत नाही.

तिसरी गोष्ट मला स्वतःला सगळ्यांत नवी होती. किटमध्ये २५०त ३० दोष असतात, दर आठ-नऊ अँप्यूलमागे एक. खऱ्या बॅचमध्ये कधी दोनशे-तीनशे अँप्यूल काहीच सापडत नाही. जे क्वचित असतं ते नजर शोधायचं सोडून देते, समोर आलं तरी. मी सुचवलं की बॅचमध्ये मुद्दाम दोन-चार दोषाच्या अँप्यूल मिसळा, म्हणजे जाग राहील. क्यूएने साफ नकार दिला आणि ते बरोबर होतं : मिसळलेली एक जरी परत मिळाली नाही तर ती रुग्णापर्यंत जाईल. त्याऐवजी दोषांच्या नमुन्यांची जी पेटी असते, ती प्रत्येक बसण्याआधी दोन मिनिटं हाताळायची परवानगी मिळाली. वेगळ्या टेबलावर, सहीने घ्यायची, सहीने परत. काचेची एक, धाग्याची एक, काळ्या कणाची एक. फिरवायची आणि काच खाली बसताना बघायची. मग बूथवर गेल्यावर आपण काय शोधतोय ते डोळ्यांना ताजं माहीत असतं. धागा मला या पेटीमुळेच जमला. तो मी आधी बुडबुड्यांची रेघ समजत होतो.

जेवणाचं आणि झोपेचं थोडक्यात. एकचा भात बंद केला. घरून साडेआठला जेवून निघतो, साडेबाराला एक पोळी किंवा उंडो आणि भाजी, बस. चहा एकदा बाराला आणि एकदा अडीचला, तीननंतर नाही, कारण चहाचा परिणाम पाच-सहा तास अर्धामुर्धा राहतो आणि मला आठला झोपायचं असतं. अडीच ते तीन आमची मोठी सुट्टी. चहा पिऊन लगेच खुर्चीत पंधरा मिनिटं डोळे मिटतो, तो अंगात भिनेपर्यंत झोप होऊन जाते. मग तोंड धुऊन कॅन्टीनच्या भरपूर उजेडात चालतो. हे चालणं टाळू नका. जुलैत एका रात्री वीज गेली आणि काम थांबलं तेव्हा मी पाऊण तास गाढ झोपलो. उठल्यावर जवळजवळ अर्धा तास हात माझे नव्हते. त्या अर्ध्या तासात मी बूथवर बसलो नाही, सुपरवायझरला सांगितलं आणि ट्रे लावत राहिलो.

दिवसाची झोप हे घरच्यांचं काम आहे. पोदेराचा भोंगा, मासळीवाली, शेजारच्या मुलांची शाळा, सगळं सकाळीच. खिडकीला जाड काळे पडदे शिवून घेतले, १,४०० रुपये. आईने पोदेराला सांगितलं की आमच्या दाराशी वाजवू नकोस, पाव पिशवीत ठेव, आणि त्याने ऐकलं. आठ ते एक झोप, मग संध्याकाळी साडेसहाला तासभर. नाइटच्या आठवड्याची पहिली रात्र सगळ्यांत वाईट, म्हणून त्या दिवशी दुपारी झोप आली नाही तरी अंधारात दीड तास पडून राहतो.

आणि स्कूटर घेऊन जाऊ नका. १२ जूनला सकाळी पावसात मंगेशीच्या जवळ मला समोरची बस एकदम जवळ दिसली. मधले काही क्षण मला आठवत नाहीत. काही झालं नाही, पण त्या दिवसापासून कंपनीची बस.

२४ जुलैला परीक्षा झाली. साडेदहाला २९, सव्वा एकला ३०. चारची फेरी सुरू करायच्या आधी नमुन्यांची पेटी दोन मिनिटं हाताळली. तिसऱ्या ट्रेला मला पुन्हा तेच वाटलं, की फार हळू चाललंय, हे संपणार नाही. घड्याळ बघितलं. सहा मिनिटं दहा सेकंद. म्हणजे बरोबर चाललं होतं. त्या क्षणी मला समजलं की पहाटे चारला माझ्या वाटण्यावर विसंबायचंच नाही. पूर्ण फेरी ३२ मिनिटांत, २९ सापडल्या, राहिलेली एक किरकोळ होती. चांगल्या सात बाद केल्या. सहा दिवसांनी प्रमाणपत्र फाइलला लागलं, एक वर्षाच्या मुदतीचं.

चवथीच्या सुट्टीनंतर १ सप्टेंबरला परत नाइट लागली. पहिलीच रात्र, पाच दिवस माणसासारखं दिवसा जागलेलं शरीर. पावणेचारला एक ट्रे संपला, वेळ लिहायला वर बघितलं तर पाच मिनिटं भरली होती. मला आतून काहीच वेगळं जाणवलं नव्हतं. ट्रे बाजूला ठेवला, काकांना हात दाखवून उठलो, कॉरिडॉरमध्ये दोन फेऱ्या मारल्या आणि तोच ट्रे पहिल्यापासून पुन्हा घेतला. एकोणिसाव्या जोडीत, डाव्या अँप्यूलमध्ये, काळ्या पडद्यासमोर एक धागा वळत खाली येत होता.